सोयाबीन दरवर्षी विरळ उगवते? पेरणीआधी बियाण्यात दोष कुठे आहे ते असे शोधा

सोयाबीनचे बियाणे इतर धान्यांच्या मानाने फार नाजूक असते. टरफल पातळ असते आणि ज्यातून मूळ व कोंब निघतो तो गर्भ टरफलाच्या अगदी लगत, डोळ्याजवळ असतो. दाण्यात तेल भरपूर असल्याने साठवणीत तो लवकर म्हातारा होतो. त्यामुळे गव्हासाठी चालणारी ढिलाई इथे चालत नाही. खालच्या तपासण्या घरचे बियाणे, शेतकरी गटाचे बियाणे आणि मागच्या वर्षीचा उरलेला लॉट या तिन्हींसाठी आहेत. सोप्या आणि फुकटच्या तपासण्या आधी दिल्या आहेत, खर्चिक नंतर. ज्या पायरीवर उत्तर मिळेल तिथे थांबायला हरकत नाही.

लक्षणे

शेतात काय दिसते यावरून दोषाचा अंदाज येतो. पुढचे चार प्रकार पुन्हा पुन्हा समोर येतात.

पहिला: ओळीत मोठमोठे खंड पडलेले, उकरून पाहिले तर दाणा फुगून मऊ पडलेला, दाबला की पांढरट लगदा निघतो. हा दाणा पेरतानाच मेलेला होता किंवा पाणी पिताना फुटला.

दुसरा: उगवले आहे, पण सात-आठ दिवस पुढे-मागे. एक रोप दोन पानांवर, शेजारचे अजून मान वर काढते आहे. बियाणे जिवंत आहे, जोम गेला आहे.

तिसरा: रोप वर आले पण एक डाळ तुटलेली, कोंब खुडल्यासारखा, किंवा मुळाचे टोक बोथट. हा मळणीचा मार आहे.

चौथा: घरी गोणपाटावर ७५ टक्के उगवले आणि शेतात निम्मेही नाही. सगळ्यात जास्त वाद इथेच होतो, आणि जुन्या लॉटमध्ये हे हमखास घडते. त्याचे कारण जोमाच्या तपासणीत येईल.

आणखी एक शक्यता आधीच बाजूला काढा. उकरल्यावर दाणा निरोगी, मोड आलेला, पण आठ सेंटिमीटर खोल सापडला, किंवा वरची काळी माती पापुद्रा धरून कडक झालेली आहे, तर दोष पेरणीचा किंवा पावसाचा आहे. सोयाबीन तीन ते पाच सेंटिमीटरवरच पडले पाहिजे, कारण रोपाला दोन जाड डाळी ओढत मातीतून वर यायचे असते.

तपासणी १: नमुना नीट काढा

पोत्याच्या तोंडावरचे मूठभर दाणे घेऊन केलेली चाचणी वाया जाते. पोते हलवले की फुटके आणि बारीक दाणे खाली सरकतात, आणि भिंतीला किंवा फरशीला टेकलेल्या बाजूला ओल धरते. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून थोडे-थोडे दाणे काढा, स्वच्छ ताडपत्रीवर एकत्र मिसळा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे परत टाका. किलोभर उरेपर्यंत हे करत राहा.

यातून दाणे मोजताना निवडू नका. भरीव आणि चमकदार दाण्यांकडे हात आपोआप जातो आणि निकाल फुगतो. पेरणीयंत्रात जे जाणार आहे तेच मोजा. चाळणी करून पेरणार असाल तर आधी सगळा लॉट चाळा, मग नमुना काढा.

वेगवेगळ्या शेतातले, वेगवेगळ्या दिवशी मळलेले बियाणे एकाच नमुन्यात घालू नका. अर्धे ९० आणि अर्धे ४० असेल तर सरासरी ६५ येते, आणि त्या ६५ वरून दोन्हींपैकी कशाचाच निर्णय बरोबर होत नाही.

तपासणी २: ओलावा आणि नजर

साठवणीच्या सोयाबीनमध्ये १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नको. ओलावामापक नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे मीठ आणि त्याच्या तिप्पट बियाणे घालून दहा मिनिटे हलवा. मीठ काचेला चिकटले तर ओल नक्कीच जास्त आहे. मीठ चिकटले नाही म्हणजे बियाणे १२ च्या आत आहे असे मात्र समजू नका. ही चाचणी फक्त फार ओले बियाणे पकडते. आडत दुकानात किंवा खरेदी केंद्रावर मापक असतो, तिथून आकडा घ्यावा.

ओलाव्याचा जीवाशी थेट संबंध आहे. बियाणेशास्त्रात हॅरिंग्टनचा एक ढोबळ नियम सांगतात: ५ ते १४ टक्के ओलाव्याच्या टप्प्यात ओलावा एक टक्क्याने वाढला की साठवणीचे आयुष्य निम्मे होते, आणि तापमान ५ अंशांनी वाढले तरी निम्मे. मराठवाड्यात किंवा विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत बियाण्याचे काय होत असेल ते यावरून समजते. म्हणून मार्चमध्ये केलेली उगवण चाचणी जूनमध्ये पुरेशी नसते. ती पेरणीच्या पंधरा दिवस आधी पुन्हा करायलाच हवी.

डोळ्यांनी पाहताना तीन गोष्टी शोधा. जांभळट किंवा राखाडी डाग म्हणजे काढणीच्या वेळच्या पावसातली बुरशी. डाळीच्या पाठीवर, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला टरफलावर सुरकुत्या असतील तर शेंग वाळून उभी असताना पुन्हा भिजली आणि पुन्हा वाळली. फुटके व अर्धे दाणे तर सहज दिसतात. पण बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी पुढची तपासणी.

तपासणी ३: मळणीचा मार, दहा मिनिटांत

घरात फरशीसाठी वापरतात ते ब्लीच, म्हणजे चार-पाच टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट, लिटरभर पाण्यात २५ ते ३० मिली घाला. आधी उघड फुटलेले दाणे बाजूला काढा. वरून धड दिसणारे १०० दाणे मोजून वाटीत ठेवा, बुडतील इतके हे पाणी ओता आणि दहा मिनिटांनी निथळा. ज्यांच्या टरफलाला तडा आहे त्या दाण्यांत पाणी भसकन शिरते आणि ते दुप्पट-तिप्पट फुगतात. धड टरफलाचे दाणे जवळजवळ तसेच राहतात. फुगलेले मोजा. हेच आणखी १०० दाण्यांवर करा.

फुगलेले १० टक्क्यांपेक्षा जास्त असतील तर हे बियाणे मळणीत चेपले आहे. ब्लीचमध्ये संडास साफ करायचे आम्ल मिसळू नका, विषारी वायू निघतो. तपासलेले दाणे पेरू किंवा खाऊ नका.

या तपासणीची खरी जागा पेरणीआधी नाही, मळणीच्या वेळी आहे. पहिले पोते भरले की तिथल्या तिथे वाटीत दहा मिनिटे लावावीत. आकडा जास्त आला तर मळणीयंत्राचे फेरे कमी करून पुढची पोती वाचवता येतात. बियाण्यासाठी ओलावा १३-१४ टक्के असताना, फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास ठेवून मळतात. धान्याच्या वेगाने मळले तर बियाणे जाते. पोती डोक्यावरून आपटणे, थप्पी उंच लावणे याचाही मार असाच लागतो.

तपासणी ४: उगवण चाचणी

जाड कागद किंवा वर्तमानपत्राचा चार घड्यांचा पट्टा, नाहीतर धुतलेले गोणपाट घ्या. पाण्यात भिजवून पिळा. बोटाने दाबले तर बोटाभोवती पाण्याचे कडे दिसता कामा नये. कडे दिसले तर पाणी जास्त आहे, आणि सोयाबीनला जादा पाण्यात हवा मिळत नाही. दहा-दहाच्या ओळीत, दाण्यादाण्यात दोन बोटांचे अंतर ठेवून मांडा, वर तसाच ओला कागद घाला, सैल गुंडाळी करा आणि उभी ठेवा म्हणजे मुळे सरळ खाली जातात.

प्रमाणित तापमान २५ अंश आहे. मे महिन्यात घरात ३८-४० अंश असताना गुंडाळी माठाशेजारी किंवा घराच्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवावी. उन्हाच्या खोलीत ठेवलेल्या गुंडाळीत बुरशी जिंकते आणि चांगले बियाणेही नापास होते. पहिली मोजणी पाचव्या दिवशी, शेवटची आठव्या दिवशी.

किती दाणे लावायचे? प्रयोगशाळेत १००-१०० च्या चार गुंडाळ्या, म्हणजे ४०० दाणे. याला कारण आहे. लॉटची खरी उगवण ७० असली तरी १०० दाण्यांच्या एका चाचणीत ६१ पासून ७९ पर्यंत कोणताही आकडा निव्वळ योगायोगाने येऊ शकतो. ४०० दाण्यांत हाच पट्टा साधारण ६६ ते ७४ इतका आवळतो. एका गुंडाळीत ६६ आले म्हणून बियाणे फेकणे आणि ७५ आले म्हणून निश्चिंत होणे, दोन्ही घाईचे आहे. चार गुंडाळ्यांत एकमेकांपासून १७-१८ पेक्षा जास्त फरक पडला तर नमुना, पाणी किंवा मोजणी यांत गडबड आहे. चाचणी पुन्हा लावा.

आता मोजणी. मोड आला म्हणजे उगवले, असे धरून सगळे मोजले जातात आणि इथेच ७५ टक्क्यांचा फसवा आकडा तयार होतो. मोजायची आहेत धड रोपे. धड रोप म्हणजे मूळ लांब आणि खालपर्यंत सलग, मान आरपार न चिरलेली, दोन्ही डाळींचा मिळून निम्म्याहून जास्त भाग निरोगी, आणि डाळींच्या मधला कोंब शाबूत. मुख्य मूळ खुंटले पण बाजूची मुळे पुरेशी जोरदार आहेत, असे सोयाबीनचे रोप धड धरतात. कोंब नसलेले, मान चिरलेले, काचेसारखे पाणीदार दिसणारे रोप वेगळ्या रकान्यात मोजा. मेलेले दाणे तिसऱ्या रकान्यात.

हे तीन रकाने वेगवेगळे लिहून ठेवणे फार मोलाचे आहे, कारण टक्केवारी सारखी असूनही कारण वेगळे असू शकते. समजा दोन लॉटमध्ये धड रोपे ६४-६४ आहेत. पहिल्यात २८ रोपे बिघडलेली आणि ८ दाणे मेलेले. बिघाडात तुटक्या डाळी आणि खुडलेले कोंब दिसतात. हा मळणीचा मार, आणि ब्लीचच्या वाटीतही तो दिसला असेल. दुसऱ्यात ९ बिघडलेली आणि २७ मेलेले, बहुतेक बुरशीने माखलेले. इथे बुरशी किंवा वय, आणि पुढची तपासणी त्यांतला फरक सांगते.

चाचणी स्वतःच बियाणे मारते, असाही एक प्रकार आहे. मे महिन्यात बियाणे सात-आठ टक्क्यांपर्यंत वाळलेले असते. असा दाणा एकदम ओल्या कागदावर ठेवला की तो इतक्या वेगाने पाणी ओढतो की आतल्या पेशींची पटले फाटतात. डाळींना आडवे तडे गेलेले आणि कागदावर चिकट दुधाळ डाग दिसले तर हीच शंका घ्या. उपाय सोपा आहे. डब्यात तळाला पाणी, वर चाळणीत दाण्यांचा एक थर, पाण्याला न लागता, झाकण लावून एक दिवस. दाणा दमट हवेतून हळूहळू ओल घेतो. मग नेहमीसारखी गुंडाळी लावा. आकडा बराच वाढला तर बियाणे ठीक आहे, पण पेरणी पुरेशा ओलीवरच करा. कोरड्यात पेरून वरून धो-धो पाऊस झाला तर शेतातही हेच होते. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर करायला सांगतात, त्याचे हेही एक कारण आहे.

तपासणी ५: बुरशी की वय?

उरलेल्या नमुन्यातले २०० दाणे घ्या. शंभरांना कार्बोक्सिन आणि थायरम यांचे मिश्र बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम या प्रमाणात चोळा, शंभर तसेच ठेवा. दोन्हींच्या गुंडाळ्या शेजारी-शेजारी लावा. हातमोजे घाला, आणि प्रक्रिया केलेले दाणे कोंबड्या-गुरांच्या वाट्याला जाणार नाहीत हे पाहा.

न चोळलेले ५८ आणि चोळलेले ७६ असे आले तर बियाणे आतून जिवंत आहे, वरची बुरशी त्याला गिळत होती. ही उगवण वाचवता येते, सगळ्या लॉटला तीच प्रक्रिया करून पेरा. जिवाणू संवर्धन लावायचे असेल तर बुरशीनाशकानंतर आणि पेरणीच्या तोंडावर. दोन्ही आकडे ५८-६० असे जवळ आले तर बुरशीनाशकावर खर्च करून उगवण वाढणार नाही. गर्भच थकला आहे.

तपासणी ६: जोम, जुन्या लॉटसाठी

आता चौथ्या लक्षणाचे उत्तर. बियाणे म्हातारे होताना आधी जोम जातो, उगवण नंतर. तेल हवेत खवट होते तशी दाण्यातल्या पेशींची पटले झिजतात, दुरुस्तीची यंत्रणा मंदावते. असा दाणा २५ अंशांच्या ओल्या कागदात, काहीही अडथळा नसताना, सावकाश का होईना पण धड रोप देतो, म्हणून उगवण चाचणीत पास होतो. काळ्या मातीत पापुद्रा फोडायची वेळ आली, किंवा चार दिवस पाणी साचले, की त्याची ताकद संपते. उगवण चाचणी सोयीच्या स्थितीतला आकडा देते. जोमाची चाचणी अडचणीत काय होईल ते सांगते.

समजा मागच्या खरिपातला, नीट साठवलेला लॉट क आहे आणि त्याआधीच्या वर्षाचा उरलेला लॉट ख. आठव्या दिवसाची उगवण क ची ७८, ख ची ७६. कागदावर दोन्ही सारखे आणि दोन्ही ७० च्या किमान मर्यादेच्या वर. पाचव्या दिवसाची मोजणी पाहा: क ७२, ख ४९. ख ची एक तृतीयांशाहून जास्त रोपे उशिरा आली. कोणताही खर्च न करता जोमाचा हा पहिला इशारा मिळतो, फक्त पाचव्या दिवशी मोजायचा कंटाळा करू नये.

दुसरी घरगुती परीक्षा: ज्या शेतात पेरायचे त्याचीच माती ट्रेमध्ये किंवा वाफ्यात घ्या, १०० दाणे चार सेंटिमीटर खोल टोका, एकदा जोरात पाणी द्या आणि वरचा थर सुकू द्या. कागदावरच्या आकड्यापेक्षा ट्रेमधला आकडा २०-२५ ने खाली आला तर जुन्या लॉटवर विसंबू नका. सोबत ताज्या चांगल्या बियाण्याचा एक ट्रे हवाच, नाहीतर दोष मातीचा की बियाण्याचा हे कळत नाही.

तिसरी, दाण्यातून पाण्यात काय पाझरते ते मोजणे. पटले झिजलेली असली की साखर आणि क्षार बाहेर गळतात आणि पाण्याची विद्युतवाहकता वाढते. न फुटलेले, औषध न लावलेले ५० दाणे तोला, शुद्ध केलेल्या २५० मिली पाण्यात २४ तास ठेवा, शेजारी नुसत्या पाण्याचे भांडे ठेवा. वाहकतामापकाचे वाचन घ्या, नुसत्या पाण्याचे वजा करा, दाण्यांच्या वजनाने भागा. प्रयोगशाळेत हे २० अंशांवर होते. घरच्या तापमानात आलेल्या आकड्याची पुस्तकातल्या आकड्याशी तुलना करू नका. क आणि ख एकाच वेळी, एकाच खोलीत लावून आपापसात पाहा. ख चा आकडा दीडपट-दुप्पट असेल तर ५० टक्के, ६० टक्के अशा हिशेबात न शिरता तो लॉट थकला आहे इतके नक्की म्हणता येते. पाण्याच्या शुद्धतेचा स्वस्त टीडीएस मीटरही या तुलनेपुरता चालतो.

चौथी घरी होत नाही. तिचे नाव वेगवर्धित वृद्धत्व चाचणी. बंद डब्यात तळाला ४० मिली पाणी, वर जाळीवर सुमारे ४२ ग्रॅम सोयाबीन एका थरात, ४१ अंशांवर ७२ तास. जवळपास १०० टक्के आर्द्रता आणि उष्णता या दोन्हींनी तीन दिवसांत महिन्यांचे म्हातारपण येते. त्यानंतर नेहमीची उगवण चाचणी. वरच्या उदाहरणात क ७८ वरून ६७ वर आला आणि ख ७६ वरून ३० वर कोसळला, तर निर्णय झाला. ४१ अंश म्हणजे ४१ च हवेत. अंशभर फरकानेही निकाल बदलतो, म्हणून उन्हात डबा ठेवून किंवा बल्ब लावून ही चाचणी करण्यात अर्थ नाही. कृषी महाविद्यालयात किंवा बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत यासाठीचे यंत्र असते.

तपासणी ७: टेट्राझोलियम

पेरणी तीन दिवसांवर आली आणि आठ दिवस थांबायला वेळ नाही, किंवा उगवण कमी आली पण का ते समजत नाही, तेव्हा ही चाचणी. ती शेतकरी गटाच्या छोट्या प्रयोगशाळेला जमते. एकट्या शेतकऱ्याने रसायन विकत घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. करायला सोपी आणि वाचायला अवघड असे हे काम आहे.

तत्त्व असे. जिवंत पेशी श्वास घेते, तेव्हा तिच्यातली विकरे हायड्रोजन सोडतात. ट्रायफिनाइल टेट्राझोलियम क्लोराइडच्या रंगहीन द्रावणाला हा हायड्रोजन मिळाला की त्याचे न विरघळणारे लाल फॉर्मझान बनते आणि ते त्याच पेशीत अडकते. जिथे जीव तिथे रंग. जर्मनीत गेऑर्ग लाकोन यांनी १९४० च्या दशकात ही पद्धत बियाण्यासाठी बसवली.

कृती: ५० दाण्यांचे दोन संच ओल्या कागदात १६ तास, २५ अंशांवर. एकदम पाण्यात बुडवू नका, कोरडा दाणा फुटतो आणि तो तडा मळणीचा समजला जातो. १०० मिली द्रावणासाठी ७५ मिलिग्रॅम टेट्राझोलियम, म्हणजे ०.०७५ टक्के. द्रावणाचा सामू ६.५ ते ७.५ मध्ये हवा; विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात करू नका, शुद्ध पाण्यात फॉस्फेट बफर घालून करा. सामू आम्लाकडे गेला तर जिवंत दाणाही फिकट राहतो. दाणे द्रावणात बुडवून ३५ ते ४० अंशांवर अंधारात अडीच ते तीन तास ठेवा. प्रकाशाने द्रावण आपोआप लाल होते, म्हणून बाटली तपकिरी काचेची असावी. मग धुऊन, वाळू न देता, ब्लेडने गर्भातून उभे दोन भाग करा, टरफल काढा आणि भिंगाखाली आतली-बाहेरची दोन्ही अंगे पाहा.

फिकट गुलाबी, चमकदार आणि टणक ऊती निरोगी असते. गडद लाल रंग पाहून आनंद होतो, पण तो वाईट आहे: चेचलेल्या किंवा झिजलेल्या पेशीत द्रावण जास्त वेगाने शिरते, म्हणून रंग दाट चढतो. पांढरी, पिचपिचीत ऊती मेलेली. रंगापेक्षा जागा महत्त्वाची. डाळीच्या टोकाला मोठा पांढरा डाग असलेला दाणा उगवतो, पण डाळी जिथे गर्भाला जोडल्या आहेत तिथला मोहरीएवढा पांढरा ठिपका दाण्याला संपवतो, कारण अन्न तिथूनच जाते. मुळाच्या मधल्या दांड्यापर्यंत पोचलेला पांढरेपणाही तसाच.

या चाचणीचे खरे बळ कारण ओळखण्यात आहे. डाळीच्या पाठीवर, डोळ्याच्या विरुद्ध अंगाला, दोन्ही डाळींवर सारख्याच लाल-पांढऱ्या चुण्या दिसल्या तर काढणीच्या वेळचा पाऊस. सरळ रेषेतली चीर, तुटका गर्भ किंवा एका बाजूला चेपल्याचा डाग म्हणजे मळणीयंत्र. पांढरा खडूसारखा गोल ठिपका आणि भोवती गडद लाल कडे असेल तर शेंगेतला दाणा रस शोषणाऱ्या ढेकण्याने टोचला होता. पुढच्या हंगामात काय बदलायचे ते इथे कळते.

मर्यादाही तितकीच महत्त्वाची. बुरशीमुळे शेतात मरणारा दाणा इथे जिवंत दिसतो, औषधाच्या जास्त मात्रेने खुंटणारे रोपही दिसत नाही. टेट्राझोलियमने ८० आणि कागदावर ६० आले तर बुरशी किंवा चाचणीतली चूक शोधा. उलट झाले, म्हणजे टेट्राझोलियम ६० आणि कागदावर ८०, तर वाचन चुकले आहे.

आकडा हातात आल्यावर

एकरी ३० किलो ही शिफारस ७० टक्के उगवण धरून आहे. कमी असल्यास ३० गुणिले ७० भागिले आलेली उगवण. ६५ असेल तर ३२.३ किलो, ६० असेल तर ३५ किलो. हा हिशेब फक्त तेव्हाच चालतो जेव्हा उरलेले दाणे जोमदार आहेत, म्हणजे दोष मळणीचा होता. जोम गेलेल्या जुन्या लॉटमध्ये जास्त बियाणे टाकून दुबळ्या रोपांचीच संख्या वाढते. पाऊस अनुकूल पडला तर दाटी, प्रतिकूल पडला तर तेच खंड. ६० च्या खालचे बियाणे, आणि जोमात नापास झालेले कोणत्याही उगवणीचे बियाणे, धान्य म्हणून विकावे. औषध लावले असेल तर तेही करता येत नाही, म्हणून चाचणी आधी, बीजप्रक्रिया नंतर.

इथे थांबा आणि प्रयोगशाळा गाठा

चार गुंडाळ्यांचे आकडे दुसऱ्यांदाही जुळत नाहीत, उगवण ६० ते ७० मध्ये आहे आणि गटाचे बरेच एकर त्यावर अवलंबून आहेत, किंवा बियाणे दुसऱ्याला विकायचे आहे, तर घरच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. पुणे, नागपूर आणि परभणी येथे शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळा आहेत. सोयाबीनचा किलोभर नमुना कापडी पिशवीत द्या. ओलावाही तपासायचा असेल तर त्यासाठी वेगळा थोडा नमुना हवाबंद पिशवीत. उगवण चाचणीलाच आठ दिवस लागतात, म्हणून मेच्या मध्यापर्यंत नमुना पोचला पाहिजे.

विकत घेतलेले बियाणे असेल तर काम आणखी आधी थांबवायचे. पिशवीवरची चाचणीची तारीख पाहा. प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीपासून नऊ महिने असते, पुन्हा तपासून ती सहा महिन्यांनी वाढवता येते. पिशवी टॅगच्या विरुद्ध बाजूने, खालून उघडा, म्हणजे टॅग आणि शिलाई शाबूत राहते. घरच्या चाचणीत कमी उगवण आली तर पेरू नका, पावती आणि न उघडलेली पिशवी घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जा. पेरून उगवले नाही तर शेत मोडू नका. पावती, टॅग आणि पिशवीत राखून ठेवलेले थोडे बियाणे सोबत ठेवून लेखी तक्रार द्या आणि तालुका समितीचा पंचनामा होईपर्यंत ओळी तशाच राहू द्या. दुबार पेरणीची घाई समजण्यासारखी आहे, पण नांगर फिरला की उगवणीचा पुरावा उरत नाही.